देखभाल कराराच्या नूतनीकरणाचा ठरावीक ई-मेल प्रत्येक ग्राहकासाठी कसा बदलावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एअर कॉम्प्रेसरची विक्री आणि देखभाल करणाऱ्या छोट्या व्यवसायांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. उदाहरणे पुणे परिसरातील भोसरी, चाकण आणि कुरकुंभ या औद्योगिक वसाहतींमध्ये भेटणाऱ्या ग्राहकांसारखी आहेत. दरवर्षी एएमसी संपण्याच्या सुमारास साठ-सत्तर ग्राहकांना तोच मजकूर पाठवावा लागतो आणि तो प्रत्येकाला आपल्यासाठीच लिहिल्यासारखा वाटावा अशी अपेक्षा असते. पुढील सर्व चर्चा या एकाच पत्राची आहे.

ई-मेलमध्ये ग्राहकाचे नाव आपोआप येते, तरीही तो छापील का वाटतो?

नाव सगळ्यांकडे असते, हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. बँक, विमा कंपनी आणि सवलतीच्या जाहिराती रोजच त्याला नावाने हाक मारतात, त्यामुळे पहिल्या ओळीतले नाव पाहून हे पत्र खास आपल्याला लिहिले आहे असे कोणालाही वाटत नाही. उलट नाव आल्यानंतर लगेच ‘आमच्या सर्व सन्माननीय ग्राहकांना कळविण्यात आनंद होतो’ असे वाक्य आले, तर पहिल्या दोन ओळीच एकमेकींना खोटे पाडतात.

वाचणारा नकळत एक गोष्ट पाहतो: हेच वाक्य शेजारच्या कारखान्याला जसेच्या तसे पाठवता आले असते का? पूर्ण पत्रात पाठवता येणार नाही असे एक जरी वाक्य असेल आणि ते करार करायचा की नाही या निर्णयाशी संबंधित असेल, तर उरलेला मजकूर ठरावीक असला तरी तो खटकत नाही. देखभालीच्या व्यवसायात असे वाक्य शोधणे सोपे आहे, कारण प्रत्येक यंत्राचा इतिहास आपल्या सर्व्हिस रिपोर्टमध्ये लिहिलेला असतो. अडचण बहुधा एवढीच असते की तो रिपोर्ट फाईलमध्ये राहतो आणि पत्र लिहिणारा माणूस तो उघडत नाही.

मग प्रत्येकाला वेगळे पत्र लिहायचे का?

नाही. साठ पत्रे मुळापासून लिहायला घेतली तर विसाव्या पत्रानंतर कंटाळा भाषेत उतरतो आणि अटींमध्ये चुका शिरतात. पत्राचे तीन थर करावेत. पहिला थर सर्वांना समान असतो आणि त्याला हात लावायचा नसतो. त्यात कराराची व्याप्ती, चार नियोजित भेटी, कोणत्या सुट्या भागांची किंमत वेगळी, देयकाच्या अटी आणि जीएसटी या गोष्टी येतात. दुसरा थर ग्राहकाच्या प्रकारानुसार बदलतो. मालक स्वतः निर्णय घेतो अशी छोटी वर्कशॉप, हवेच्या शुद्धतेची काळजी असणारे औषध आणि खाद्यपदार्थांचे कारखाने, आणि खरेदी विभागामार्फत चालणाऱ्या मोठ्या कंपन्या असे तीन गट बहुतेकांना पुरतात. तिसरा थर म्हणजे त्या एकाच ग्राहकाचे वाक्य, फार तर दोन-तीन वाक्ये.

वेळ कोठे द्यायचा, हे या विभागणीतून ठरते. पहिला थर वर्षातून एकदा नीट लिहिला की झाले, दुसऱ्यासाठी एक दुपार पुरते, आणि खरे काम तिसऱ्या थरात असते. अनेक जण नेमके उलट करतात: दर वर्षी ‘आमची सेवा अधिक तत्पर’ यांसारख्या ओळी नव्याने सजवतात आणि तिसरा थर रिकामाच ठेवतात.

मूळ साचा कसा दिसावा?

शक्य तितका साधा. साचा जितका अलंकारिक, तितके मधले वैयक्तिक वाक्य परके दिसते. खालील नमुना मालकवर्गासाठी आहे; कोनांमधल्या जागा यादीतून भरल्या जातात.

> नमस्कार «संबोधन»,
>
> आपल्याकडील «मॉडेल» कॉम्प्रेसरचा (अनुक्रमांक «अनुक्रमांक») देखभाल करार «अंतिम_दिनांक» रोजी संपत आहे.
>
> «ग्राहक_वाक्य»
>
> येत्या वर्षाच्या कराराची रक्कम जीएसटी वगळून «रक्कम» रुपये आहे. त्यात चार नियोजित भेटी आणि बिघाडाच्या वेळी बोलावल्यास येण्याचा खर्च येतो. फिल्टर, सेपरेटर आणि तेल यांची किंमत वेगळी आकारली जाईल.
>
> «गट_परिच्छेद»
>
> मान्य असल्यास याच ई-मेलला उत्तर द्यावे. पहिल्या भेटीची तारीख आम्ही दूरध्वनीवर ठरवून घेऊ.

ग्राहकाच्या वाक्याची जागा येथे रकमेच्या आधी आहे, आणि ती मुद्दाम तशी ठेवली आहे. रक्कम आधी आली की वाचणारा आकड्यावर थांबतो आणि मागच्या वर्षीचे बिल शोधू लागतो. आपल्या यंत्राविषयीचे वाक्य आधी आले, तर रक्कम कशासाठी मागितली आहे हे त्याला वाचतानाच कळते. हे वाक्य शेवटी ताजा कलम म्हणून टाकण्याचीही पद्धत आहे, परंतु मोबाईलवर वाचणारा माणूस बरेचदा तेथपर्यंत पोहोचत नाही.

«ग्राहक_वाक्य» नेमके कोठून आणावे?

मागील वर्षभराच्या सर्व्हिस रिपोर्टमधून. तेलाचे वंगण असणाऱ्या स्क्रू कॉम्प्रेसरच्या पॅनेलवर एकूण चाललेले तास आणि त्यांपैकी लोडवर चाललेले तास वेगवेगळे दिसतात आणि मेकॅनिक बहुधा दोन्ही लिहून आणतो. शेवटच्या दोन भेटींमधील तासांवरून महिन्याचा वापर काढता येतो. बहुतेक उत्पादकांच्या वेळापत्रकात तेलाचा फिल्टर दोन हजार तासांच्या आणि सेपरेटर चार हजार तासांच्या आसपास बदलायचा असतो. त्यामुळे येत्या करारात कोणता मोठा खर्च कोणत्या महिन्यात येईल, हे त्या ग्राहकाला पत्रातच सांगता येते. असे वाक्य दुसऱ्या कोणाला पाठवता येत नाही.

रिपोर्टमधल्या बिघाडाच्या नोंदी हा दुसरा चांगला स्रोत. उन्हाळ्यात तापमान वाढून यंत्र बंद पडणे, पावसाळ्यात हवेबरोबर पाणी जाणे किंवा ड्रेन व्हॉल्व्ह अडकणे हे प्रसंग ग्राहकाच्या लक्षात असतात, कारण त्या दिवशी त्याचे काम थांबलेले असते. तिसरा स्रोत म्हणजे ग्राहकाने विचारलेला आणि उत्तर न मिळालेला प्रश्न. ‘दुसरी पाळी सुरू करणार आहोत, हे यंत्र पुरेल का’ असे कोणी भेटीत विचारले असेल आणि मेकॅनिकने ते रिपोर्टच्या तळाशी लिहिले असेल, तर नूतनीकरणाचे पत्र त्याच प्रश्नाच्या उत्तराने सुरू करावे.

वाक्य टिकाऊ आहे की नाही हे पाहण्यासाठी आम्ही एक साधा नियम पाळतो: त्यात एक घडलेली गोष्ट असावी आणि त्या गोष्टीमुळे आपण काय बदलले तेही असावे. ‘मे महिन्यात यंत्र बंद पडले होते, हे आमच्या लक्षात आहे’ एवढ्याने ग्राहकाच्या हाती काही लागत नाही. तेवढेच लिहिले तर आपल्या स्मरणशक्तीचे प्रदर्शन होते.

एखादे उदाहरण पूर्ण करून दाखवाल का?

तीन काल्पनिक परंतु नेहमी भेटणाऱ्या ग्राहकांना वरचाच साचा लावून पाहू. तिघांचेही करार 31 जानेवारी रोजी संपतात.

पहिला ग्राहक भोसरीतील यंत्रभागांची वर्कशॉप. एक 20 अश्वशक्तीचा स्क्रू कॉम्प्रेसर, त्यावर तीन व्हीएमसी यंत्रे, आणि पत्र वाचणारे स्वतः मालक. रिपोर्टनुसार मे महिन्यात कॉम्प्रेसर दुपारी दोनदा जास्त तापमानामुळे ट्रिप झाला. कूलरमध्ये धूळ आणि तेलाचा चिकट थर साचला होता, आणि पत्र्याच्या शेडमध्ये गरम हवा बाहेर जायला डक्ट नव्हता. कूलर धुतल्यावर यंत्र चालू झाले. नेहमीच्या वेळापत्रकात कराराची पहिली भेट एप्रिलच्या अखेरीस येते, म्हणजे उन्हाळा सुरू झाल्यावर. येथे वाक्य असे होते: ‘मे महिन्यात दुपारच्या वेळी कॉम्प्रेसर दोनदा तापून बंद पडला होता. ते टाळण्यासाठी या वर्षी आपली पहिली भेट एप्रिलऐवजी मार्चच्या मध्यावर ठेवली असून त्याच भेटीत कूलर धुतला जाईल. गरम हवेसाठी डक्ट बसवून घेतल्यास मात्र मूळ कारणच दूर होईल.’ शेवटचा भाग आपल्या विक्रीचा नाही, कारण डक्ट कोणताही फॅब्रिकेटर बनवून देतो. तरीही तो ठेवावा, कारण मालक याच भागावरून पत्राचा खरेपणा ओळखतात.

दुसरा ग्राहक कुरकुंभ येथील औषधनिर्मितीचा कारखाना. वाचणारी व्यक्ती देखभाल विभागाची प्रमुख आहे आणि तिला यंत्र बंद पडण्याइतकीच ऑडिटची काळजी असते. तिने मागील ऑडिटच्या आधी कोअलेसिंग फिल्टरचे एलिमेंट कधी बदलले याची नोंद मागितली होती आणि ती शोधायला आपल्याला वेळ लागला होता. वाक्य: ‘मागील ऑडिटच्या वेळी आपण कोअलेसिंग फिल्टरच्या बदलाची नोंद मागितली होती. या करारापासून प्रत्येक सर्व्हिस रिपोर्टमध्ये त्यासाठी स्वतंत्र रकाना असेल आणि एलिमेंटचा बॅच क्रमांकही त्यात लिहिला जाईल.’ अर्थात हे पाठवण्यापूर्वी रिपोर्टच्या छापील पुस्तिकेत तो रकाना खरोखर घालून घेतलेला असला पाहिजे. वैयक्तिक वाक्यात आश्वासन असेल, तर ते कोण पाळणार हे आधी ठरवावे. न पाळलेल्या अशा एका ओळीमुळे पुढच्या वर्षीचे अख्खे पत्र वाया जाते.

या गटातील «गट_परिच्छेद» वेगळा असतो. त्यात फिल्टरच्या बदलाची वारंवारता, दवबिंदूची तपासणी आणि प्रमाणपत्रे यांचा उल्लेख येतो. वर्कशॉपच्या गटाला हा परिच्छेद पाठवला तर तो निरर्थक वाटेल.

तिसरा ग्राहक चाकण येथील मोठी वाहनभाग कंपनी. तेथे चार कॉम्प्रेसर आहेत आणि ज्यांच्याशी दहा वर्षांचा परिचय होता ते अधिकारी बदलून गेले. नवीन अधिकारी खरेदी विभागात आहेत आणि त्यांनी यंत्र पाहिलेले असेलच असे नाही. येथे जुन्या आठवणी काढणे चुकीचे ठरते. ‘आपले पूर्वीचे साहेब आमच्यावर फार विश्वास ठेवत’ यासारखे वाक्य नव्या माणसाला ओझे वाटते आणि कधी कधी संशयाचेही कारण होते. त्यांच्यासाठी वैयक्तिक म्हणजे शोधाशोध वाचवणारे. वाक्य: ‘हा करार आपल्या मागील वर्षीच्या परचेस ऑर्डरमधील दुसऱ्या बाबीशी संबंधित आहे. त्या ऑर्डरचा क्रमांक, चारही यंत्रांचे अनुक्रमांक आणि प्रत्येकाची शेवटच्या भेटीची तारीख खाली एकत्र दिली आहे, म्हणजे आपल्याला जुनी फाईल काढावी लागणार नाही.’ त्याखाली चार ओळींचा तक्ता, कोटेशनची मुदत आणि सेवेचा एसएसी कोड. ही माहिती कोरडी आहे, परंतु त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हेच पत्र त्याच्यासाठी लिहिलेले असते.

संबोधन काय वापरावे?

जे आपण त्या व्यक्तीला फोनवर म्हणतो, तेच. यासाठी यादीत नावाच्या रकान्याशिवाय ‘संबोधन’ असा स्वतंत्र रकाना ठेवावा आणि तो हाताने भरावा: ‘पाटील साहेब’, ‘देशमुख मॅडम’, ‘जोशी सर’. वर्षानुवर्षे ज्यांना आपण ‘काका’ म्हणतो त्यांना ‘श्रीमान’ लिहिले तर ते दुखावतात, आणि अनोळखी खरेदी अधिकाऱ्याला ‘भाऊ’ लिहिले तर ते चमकतात. स्त्री ग्राहकांच्या नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘कु.’ अंदाजाने कधीही लावू नये. ‘श्रीमती’ किंवा नुसते आडनाव आणि ‘मॅडम’ पुरते.

जीएसटी नोंदणीतून उचललेले नाव सर्वांत घातक. त्यात बहुधा वडिलांच्या नावासह पूर्ण नाव येते आणि सर्व अक्षरे इंग्रजी कॅपिटल असतात. कंपनीचे नावही ‘प्रायव्हेट लिमिटेड’सह पूर्ण येते, जे वाक्याच्या मध्यभागी कोणीही बोलत नाही. बिलासाठी एक नाव आणि पत्रासाठी दुसरे, असे दोन रकाने ठेवावेत.

मराठी साच्यात रिकाम्या जागा भरल्या की वाक्य बिघडते. उपाय काय?

ही मराठीत लिहिणाऱ्यांची खास अडचण आहे आणि इंग्रजी साच्यांची भाषांतरे वापरली की ती लगेच उघडी पडते. साच्यात «गाव»ला असे लिहिले तर नाशिकला आणि सोलापूरला हे बरोबर येतात, परंतु ‘पुणेला’, ‘साताराला’, ‘धुळेला’ अशी रूपे तयार होतात. मराठी माणूस असे बोलत नाही, म्हणून हे यंत्राने भरले आहे हे त्याला त्याच क्षणी कळते.

उपाय म्हणजे रिकाम्या जागेला प्रत्यय लागणारच नाही अशी वाक्यरचना करणे. ‘«गाव» येथील कारखान्यात’, ‘«नाव» यांना’, ‘«नाव» यांच्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ या रचनांमध्ये भरलेला शब्द मूळ रूपातच राहतो आणि औपचारिक लिखाणात त्या स्वाभाविकही वाटतात. आकड्यांचेही असेच आहे. ‘«संख्या» यंत्रांचा करार’ असे लिहिले तर एकच यंत्र असलेल्याला ‘1 यंत्रांचा’ असे जाते. तेथे ‘करारातील यंत्रे: «संख्या»’ अशी ओळ वेगळी द्यावी.

क्रियापदाचे लिंग ही दुसरी अडचण. ‘आपण म्हणाला होता’ हे पुरुष ग्राहकाला चालते, परंतु स्त्री ग्राहकाला ‘म्हणाल्या होत्या’ हवे. ‘आपण सांगितले होते’, ‘आपण विचारले होते’, ‘आपली भेट झाली होती’ या रचनांत तो प्रश्नच उद्भवत नाही. साचा लिहून झाल्यावर तो एकदा स्त्रीचे नाव, एकदा पुरुषाचे नाव, एकदा ‘पुणे’ आणि एकदा ‘1’ घालून मोठ्याने वाचावा. मोठ्याने वाचताना कानाला जे खटकते ते डोळ्यांना बहुधा दिसत नाही.

पत्र मराठीत पाठवावे की इंग्रजीत?

ग्राहकाने शेवटचा ई-मेल ज्या भाषेत लिहिला होता त्या भाषेत. मालकाशी मराठीत बोलणे होत असले, तरी त्याच्या कार्यालयातून येणारे सर्व ई-मेल इंग्रजीत असतील, तर पत्र पुढे लेखापालाकडे जाणार आहे असे समजावे. तेव्हा औपचारिक पत्र इंग्रजीत आणि वरचे वैयक्तिक वाक्य मराठीत, असे मिश्रणही चालते.

तारीख आणि रक्कम विचित्र स्वरूपात का येते?

एक्सेलची यादी वर्डच्या मेल मर्जला जोडली की 31 जानेवारी ही तारीख अमेरिकी पद्धतीने, महिना आधी, अशी येऊ शकते आणि रकमेमागे दशांशांची शेपटी लागते. दिवस 12 किंवा त्याहून कमी असेल तर चूक सहज लक्षातही येत नाही: 3 एप्रिलचा करार 4 मार्चला संपतो असे पत्र जाते. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे एक्सेलमध्येच या दोन्ही गोष्टींचे मजकुरात रूपांतर करणारे स्वतंत्र रकाने करणे आणि मर्जसाठी तेच वापरणे. दुसऱ्या सूत्रात लाखाच्या पुढचा स्वल्पविरामही आपल्या पद्धतीने पडतो.

```
=TEXT(D2,"dd-mm-yyyy")
=TEXT(E2,"[>=100000]##\,##\,##0;##,##0")
=TRIM(B2)
```

तिसरे सूत्र नावाच्या मागेपुढे राहिलेली जागा काढते. ‘नमस्कार पाटील साहेब ,’ यातील स्वल्पविरामाआधीची ती एक रिकामी जागा फार लहान दिसते, परंतु हाताने लिहिणारा माणूस तेथे जागा सोडत नाही. तारीख वर्डमध्येच दुरुस्त करायची असेल तर `Alt+F9` दाबून फील्ड कोड उघडावा आणि पुढीलप्रमाणे बदल करावा:

```
{ MERGEFIELD अंतिम_दिनांक \@ "dd-MM-yyyy" }
```

येथे महिन्यासाठी मोठा `MM` आवश्यक आहे. लहान `mm` म्हणजे मिनिटे.

विषयाची ओळ कशी असावी?

‘एएमसी नूतनीकरण’ इतकेच लिहिण्यापेक्षा ‘भोसरी युनिटचा कॉम्प्रेसर: करार 31 जानेवारीपर्यंत’ हे बरे, कारण ग्राहक पुढच्या वर्षी पत्र शोधेल तेव्हा याच शब्दांनी शोधेल. पूर्वी पत्रव्यवहार झालेला नसताना विषयापुढे `Re:` लावण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती करू नये. आधीचा ई-मेल खाली सापडला नाही की वाचणाऱ्याला फसवणूक कळते, आणि हे ग्राहक तर आपल्याला वर्षभर भेटणार असतात.

कोणत्या साधनाने पाठवावे?

साठ ग्राहकांसाठी वर्ड आणि आउटलुक पुरेसे आहेत. मात्र वर्डच्या मेल मर्जमधून जोडपत्र किंवा सीसी जात नाही, त्यामुळे कोटेशनची पीडीएफ प्रत्येकाला वेगळी जोडायची असेल तर तो मार्ग अपुरा पडतो. गुगल वर्कस्पेसच्या काही सशुल्क योजनांमध्ये जीमेलमधूनच मर्ज करता येते आणि गुगल शीटमधील रकाने `@` चिन्हाने मजकुरात घालता येतात. त्यात प्रत्येक ई-मेलच्या तळाशी यादीतून बाहेर पडण्याची लिंक आपोआप येते. जाहिरातीच्या पत्रात ती असायलाच हवी, परंतु चालू कराराच्या पत्राखाली ती पाहून ग्राहकाला आपण यादीतले एक नाव आहोत हे कळते. म्हणून सर्वांत महत्त्वाच्या दहा-पंधरा ग्राहकांची पत्रे मर्जमधून तयार करून नेहमीच्या पद्धतीने एकेक पाठवावीत, आणि शक्य असेल तर त्याच ग्राहकाशी आधी झालेल्या खऱ्या पत्रव्यवहाराला उत्तर म्हणून.

सर्वांचे पत्ते बीसीसीमध्ये टाकून एकच पत्र पाठवणे हा मार्ग मात्र पूर्णपणे वर्ज्य समजावा. त्यात ग्राहकाला ‘प्रति’ या जागी स्वतःचा पत्ता दिसत नाही, आणि घाईत बीसीसीऐवजी सीसी निवडले गेले तर तुमची संपूर्ण ग्राहकयादी सर्वांच्या हाती जाते.

वैयक्तिक लिहिताना मर्यादा कोठे आखावी?

ग्राहकाने आपल्याला कामाच्या निमित्ताने सांगितलेली किंवा आपल्या रिपोर्टमध्ये नोंदलेली गोष्टच वापरावी. मेकॅनिक भेटीत बरेच काही ऐकून येतो: भागीदारांतले मतभेद, कामगार सोडून गेल्याची बातमी, प्रतिस्पर्ध्याने दिलेला दर. यातले काहीही पत्रात येऊ नये, सूचकपणेही नाही. सोशल मीडियावर पाहिलेल्या मुलीच्या लग्नाबद्दल कराराच्या पत्रात अभिनंदन करणे हेही तसेच. ते फोनवर करावे.

थकबाकीचा उल्लेख हा वेगळा विषय आहे. ज्याचे मागील बिल बाकी आहे त्याला नूतनीकरणाच्या पत्रातच ‘आधी बाकी भरावी’ असे लिहिले की पत्राचा हेतूच बदलतो. अशा ग्राहकांची नावे यादीतून बाजूला काढून त्यांच्याशी आधी फोनवर बोलावे आणि नंतरच पत्र पाठवावे.

दर आणि अटी मात्र व्यक्तीनुसार शब्दांत बदलू नयेत. सवलत द्यायची असेल तर ती रकमेच्या रकान्यात दिसावी. अटीचे वाक्य एकाला सौम्य आणि दुसऱ्याला कडक असे लिहिले, तर वाद झाल्यावर कोणते वाक्य खरे हे ठरवता येत नाही. भोसरी आणि चाकणमध्ये कारखानदार एकमेकांना पत्रे दाखवतात, हेही लक्षात असू द्यावे.

काही ग्राहकांविषयी लिहिण्यासारखे काहीच नसेल तर?

वर्षभर चारही भेटी वेळेवर झाल्या, यंत्र एकदाही थांबले नाही, असा ग्राहक असतोच. त्याला ओढूनताणून आठवण लिहू नये. ‘या वर्षी नियोजित भेटींशिवाय एकदाही बोलावणे आले नाही, यंत्र आता 9,400 तासांवर असून पुढचा सेपरेटर बदल साधारण ऑक्टोबरमध्ये येईल’ एवढे पुरेसे आहे. तेही सापडत नसेल तर «ग्राहक_वाक्य» रिकामे ठेवावे, परंतु रिकाम्या जागेमुळे दोन परिच्छेदांमध्ये दुप्पट अंतर राहत नाही ना, हे तपासावे.

पाठवण्यापूर्वी काय तपासावे?

प्रथम तीन पत्रे स्वतःच्या पत्त्यावर पाठवून मोबाईलवर उघडावीत. भरलेले नाव किंवा वाक्य वेगळ्या फाँटमध्ये, किंचित मोठ्या आकारात किंवा करड्या पार्श्वभूमीवर दिसत असेल, तर रिपोर्टमधून कॉपी केलेल्या मजकुराबरोबर त्याची सजावटही आली आहे असे समजावे. असा मजकूर साध्या स्वरूपात पुन्हा चिकटवावा. मर्ज केलेल्या पत्रांत ही चूक सर्वाधिक आढळते, आणि संगणकाच्या पडद्यावर ती सहज निसटते.

त्यानंतर यादी अनुक्रमांकाच्या रकान्याने लावून पाहावी. एकच अनुक्रमांक दोन ग्राहकांपुढे असेल, तर कॉपी करून चिकटवताना एखादा रकाना सरकला आहे आणि पुढची सर्व वाक्ये एका ओळीने सरकली आहेत अशी शक्यता असते. कुरकुंभच्या ऑडिटचे वाक्य भोसरीच्या मालकांना जाणे हे नुसते छापील पत्र पाठवण्यापेक्षा कितीतरी वाईट, कारण त्यात एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याकडे पोहोचते. हे टाळण्यासाठी ग्राहकाच्या वाक्याच्या रकान्याशेजारी ते कोणत्या रिपोर्टच्या क्रमांकावरून लिहिले हे नोंदवावे आणि पाठवण्याच्या दिवशी ज्याने वाक्ये लिहिली नाहीत अशा सहकाऱ्याने ते जुळवून पाहावे.

उत्तर आले नाही तर स्मरणपत्रही वैयक्तिक असावे का?

होय, परंतु तेच वाक्य पुन्हा वापरू नये. दोनदा वाचल्यावर तेही साच्याचाच भाग वाटते. स्मरणपत्र दोन-तीन ओळींचे असावे, पहिल्या ई-मेलखाली उत्तर म्हणून जावे आणि त्यात नवीन गोष्ट एवढीच असावी: कराराची मुदत संपल्यानंतर काय बदलते. वर्कशॉपच्या मालकांना मार्चमधील भेट राखून ठेवण्यासाठी कोणत्या तारखेपर्यंत होकार हवा ते सांगावे, औषध कारखान्याला कराराविना गेलेल्या काळात फिल्टरच्या नोंदीत खंड पडेल हे सांगावे, आणि खरेदी अधिकाऱ्यांना कोटेशनची मुदत कधी संपते ते सांगून सुधारित प्रत हवी का, असे विचारावे. दुसऱ्या स्मरणपत्राऐवजी फोन करावा, आणि तो शक्यतो त्या यंत्रावर जाणाऱ्या मेकॅनिकला करायला सांगावा.